कुंथूनही पोट साफ होत नव्हतं: प्रेशर टेस्ट आणि बायोफीडबॅकचा माझा अनुभव

हे लिहायला मी बरेच दिवस घेतले, कारण विषयच असा आहे की बायका बायकांशीसुद्धा बोलत नाहीत. पण टेस्टच्या आधी मी मराठीत शोधत होते तेव्हा मला "पोट साफ होण्याचे घरगुती उपाय" सोडून काहीच सापडलं नाही, म्हणून जे झालं ते क्रमाने लिहिते. मी सोलापूरची, वय ४३, शाळेत शिकवते, दोन मुलं, दोन्ही नॉर्मल डिलिव्हरी.

त्रास कसा होता ते आधी नीट सांगते, कारण निदान त्यावरच ठरतं. मला रोज संडासला व्हायची, म्हणजे "चार दिवस झालीच नाही" असं नव्हतं, त्यामुळे बद्धकोष्ठ म्हटलं की घरचे म्हणायचे अगं तू तर रोज जातेस. पण जाऊन बसलं की कुंथत राहायचं, थोडंसं व्हायचं, आणि आत अजून आहे असं वाटत राहायचं. उठायचं, चहा करायचा, परत जायचं, परत थोडंसं. शाळेत निघेपर्यंत तीन-चार वेळा व्हायचं आणि तरी दिवसभर खाली जड वाटायचं. मऊ असली तरी बाहेर येत नव्हती, हे महत्त्वाचं, हे मी डॉक्टरांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच त्यांनी पेन खाली ठेवून नीट ऐकायला सुरुवात केली. कधीकधी बोटाने मदत करावी लागायची. हेही सांगा डॉक्टरांना, लाज वाटली तरी सांगा, त्यांच्यासाठी ती मोठी खूण असते.

त्याआधी काही वर्षं त्रिफळा, एरंडेल, इसबगोल, लॅक्टुलोज सगळं झालं होतं. इसबगोलने तर मला जास्तच फुगल्यासारखं व्हायचं.

जून २०२४ मध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी सोलापुरातल्याच एका गॅस्ट्रोच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी वजन कमी झालंय का, रक्त जातं का, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर होता का हे विचारलं. मला अधूनमधून रक्ताची रेघ दिसायची, म्हणून रक्ताच्या तपासण्या (हिमोग्लोबिन, थायरॉईड, शुगर, कॅल्शियम) आणि कोलोनोस्कोपी सांगितली. कोलोनोस्कोपी जुलैत, आषाढीच्या नंतरच्या आठवड्यात झाली. त्यात आतल्या बाजूला छोटे मूळव्याध निघाले, बाकी आतडं स्वच्छ. बरेच जण इथेच थांबतात, "रिपोर्ट नॉर्मल आहे, पाणी प्या, भाजी खा" म्हणून घरी येतात. मीही मनातून तेच धरून बसले होते.

पण पुढच्या भेटीत डॉक्टर म्हणाले, "मॅडम, आता बोटाने तपासतो, सिस्टर सोबत राहतील." डाव्या कुशीवर झोपवलं, एक हात पोटावर ठेवला आणि म्हणाले, संडासला बसल्यावर लावता तसा जोर लावा. मी लावला. ते म्हणाले परत एकदा. मग हात धुऊन येऊन म्हणाले, "तुम्ही जोर लावता तेव्हा खालचा स्नायू सैल व्हायला पाहिजे, तुमचा आवळतोय. मला बोटाला ते लागलं, पण मोजून बघायला पाहिजे."

मग त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. गुदद्वाराला दोन वर्तुळाकार स्नायू असतात, आतला आपोआप चालणारा आणि बाहेरचा आपल्या ताब्यातला. त्यांच्या वरच्या बाजूला आणखी एक स्नायू पुढच्या हाडापासून निघून गुदाशयाच्या मागून वळसा घेतो आणि त्याला पुढे ओढून धरतो, त्यामुळे एरवी तिथे एक वाक पडलेला असतो आणि मळ थांबून राहतो. संडासच्या वेळी पोटाने दाब द्यायचा आणि त्याच क्षणी हे खालचे स्नायू सोडायचे, म्हणजे वाक सरळ होतो. काहींच्या बाबतीत ही जुळणीच बिघडते. पोत्याचं तोंड दोरीने आवळून धरायचं आणि वरून पोतं दाबायचं, तसं. मग कितीही जुलाबाची औषधं घ्या, मळ मऊ होईल, तोंड उघडणार नाही. याला डिसिनर्जिक डेफिकेशन म्हणतात. मी विचारलं हे कशाने होतं, तर ते म्हणाले एकच कारण सांगता येत नाही, काहींना लहानपणापासून असतं, काहींना वर्षानुवर्षं जोराने कुंथून किंवा आलेली दाबून ठेवून सवय लागते. शाळेत बायकांसाठी नीट संडास नाही म्हणून मी किती वर्षं दाबून ठेवलंय ते मलाच माहीत.

टेस्टचं नाव अ‍ॅनोरेक्टल मॅनोमेट्री. ती करायला मी पुण्याला गेले. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, त्यावर संशयित निदान, कोलोनोस्कोपीचा निष्कर्ष आणि "मॅनोमेट्री व बलून एक्स्पल्शन" दोन्ही लिहून घेतलं. हे दोन्ही लिहून घ्या, का ते पुढे येईल. फोनवर तारीख साधारण तीन आठवड्यांनी मिळाली, ऑगस्टच्या शेवटची, कारण ते टेस्ट आठवड्यातून ठरावीक दिवशीच करतात. खर्च दोन्ही मिळून सात हजारांच्या आसपास. मेडिक्लेममध्ये बसलं नाही, माझ्या पॉलिसीत ओपीडीतल्या तपासण्या नाहीत आणि अ‍ॅडमिट व्हायचं नसतं. विम्याचे दावे बघणाऱ्या टीपीएला मेल करून आधीच विचारलं होतं म्हणून तिथे जाऊन वाद झाला नाही.

तयारी सोपी आहे पण बाहेरगावच्या माणसाला अडचणीची. टेस्टच्या दोन तास आधी एनिमा घेऊन गुदाशय रिकामा करायचा आणि तीन-चार तास काही खायचं नाही. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने गेलं तर एनिमा गाडीत घेणार का, म्हणून आम्ही आदल्या दिवशीच हडपसरला नणंदेकडे मुक्काम केला. कुणी ओळखीचं नसेल तर एनिमा तिथेच देतील का हे फोनवरच विचारून ठेवा, काही ठिकाणी देतात. रोजची औषधं कोणती थांबवायची तेही विचारा, आणि रबराची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा कारण फुगा लॅटेक्सचा असू शकतो.

मला सगळ्यात भीती दुखण्याची होती, ते खरंच नाही. भूल देत नाहीत, देऊन चालतही नाही, कारण तुम्हाला सांगितलं तसं करायचं असतं. कमरेखाली गाऊन, डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. करणारी टेक्निशियन बाई होती (मी बुकिंग करतानाच तशी विनंती केली होती). बोटापेक्षा बारीक नळी, तिच्यावर दाब मोजणारे सेन्सर आणि टोकाला छोटा फुगा, जेल लावून आत घालतात. नळी घातल्यावर दोन-तीन मिनिटं नुसतं शांत पडून राहायला सांगितलं, स्नायू स्थिरावायला. मग संडास अडवून धरतो तसं आवळायला लावलं, खोकायला लावलं, आणि मग "आता संडासला बसल्यासारखा जोर लावा", हे तीनदा, प्रत्येक वेळी पंधराएक सेकंद. अनोळखी खोलीत, कुशीवर झोपून, हे करायला फार अवघड वाटलं आणि डोळ्यात पाणी आलं माझ्या. ती म्हणाली, "ताई, सगळ्यांना असंच वाटतं, सावकाश." मग फुग्यात थोडी थोडी हवा भरत गेली आणि विचारत गेली, पहिल्यांदा कधी जाणवलं, जावंसं कधी वाटलं, आता सहन होत नाही असं कधी वाटलं. इथे शौर्य दाखवायचं नाही, जसं वाटेल तसं सांगायचं, त्या आकड्यांवर पुढचे उपचार ठरतात. सगळं मिळून अर्धा तास.

त्यानंतर दुसरी टेस्ट, बलून एक्स्पल्शन. आत छोटा फुगा ठेवून त्यात ५० मिली कोमट पाणी भरतात, पडद्याआड कमोडच्या खुर्चीवर बसवतात आणि तो फुगा बाहेर टाकायचा, बाहेर घड्याळ लावलेलं. साधारणपणे माणूस तो एका मिनिटाच्या आत टाकतो. माझा तीन मिनिटांनंतरही निघाला नाही, शेवटी पाणी काढून घेऊन त्यांनीच काढला.

रिपोर्ट संध्याकाळी मिळाला. विश्रांतीत गुदद्वाराचा दाब ८२ (मिलिमीटर पारा), तो ठीक. जोर लावल्यावर गुदाशयातला दाब ४८ ने वाढला, म्हणजे पोटाचा जोर पुरेसा होता, ४० च्या वर पाहिजे. पण त्याच वेळी गुदद्वाराचा दाब निदान २० टक्क्यांनी खाली यायला हवा, म्हणजे ८२ वरून ६५ च्या आसपास, तो वाढून १०४ झाला होता. याला टाईप १ म्हणतात. टाईप २ मध्ये आवळणं असतं आणि पोटाचा जोरही कमी पडतो, ३ मध्ये जोर ठीक पण खालचं सैल होत नाही, ४ मध्ये जोरही नाही आणि सैलही नाही. माझी संवेदनाही जरा बोथट निघाली, जावंसं वाटायला फुग्यात बरीच हवा भरावी लागली होती.

सोलापूरला परत आल्यावर आमच्या डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली जी मला फार प्रामाणिक वाटली. कुशीवर झोपवून, परक्या माणसासमोर जोर लावायला सांगितलं तर ठणठणीत माणसांचाही स्नायू कधीकधी आवळतो, म्हणून नुसत्या त्या आलेखावरून निदान करू नये. पण तुमचा फुगाही निघाला नाही, बोटाच्या तपासणीतही तेच लागलं होतं आणि त्रासही तसाच आहे, म्हणून मी खात्रीने सांगतो. दोन टेस्टचे निकाल जुळले नसते तर एमआरआय डेफिकोग्राफी करावी लागली असती, त्यात आत जेल भरून ते बाहेर टाकताना चित्रं घेतात, गुदाशयाची भिंत पुढे फुगते का, काही खाली उतरतं का ते दिसतं. चिठ्ठीवर दोन्ही टेस्ट लिहून घ्या म्हटलं ते यासाठी.

उपचार म्हणजे बायोफीडबॅक. साधारण सहा सेशन्स, आठवड्या-दोन आठवड्यांनी एक, प्रत्येक पाऊण ते एक तास. त्यांनी सांगितलं की या प्रकारात नुसत्या जुलाबाच्या औषधांपेक्षा याचा फायदा जास्त होतो हे अभ्यासांत दिसलंय, पण सगळ्यांना होतो असं नाही, आणि घरी सराव नसेल तर मशीनचा उपयोग नाही. मी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यातच सुरू केलं. एका सेशनचे बाराशे, वर गाडीभाडं. सकाळी हुतात्मा, दुपारी सेशन, संध्याकाळी हुतात्माने परत. शाळेत किरकोळ रजा टाकायचे आणि कारण "वैद्यकीय" एवढंच लिहायचे, मुख्याध्यापकांनी काही विचारलं नाही.

पहिल्या दिवशी फिजिओ मॅडमनी मशीन लावायच्या आधी माझं बसणं आणि श्वास बघितला. मी जोर लावताना श्वास कोंडायचे, पोट आत ओढायचे, जबडा घट्ट. त्यांनी माझे हात माझ्याच कमरेवर दोन्ही बाजूंना ठेवले आणि म्हणाल्या श्वास घेताना कंबर रुंद झाली पाहिजे, हात बाहेर ढकलले गेले पाहिजेत. मग सोडताना तोंड किंचित उघडं, गळ्यातून हलका आवाज. मी त्यांना म्हटलं की मी व्हिडिओ बघून कीगल सुरू करणार होते, तर त्या लगेच म्हणाल्या, "नको ताई, कीगल आवळायचा व्यायाम आहे, तुम्हाला सोडायला शिकायचंय." हे फार जणींना माहीत नसतं, खालचा त्रास म्हटलं की कुणीही कीगलच सुचवतं.

मग नळी घालून स्क्रीनसमोर बसवलं. स्क्रीनवर दोन रेघा, वरची आतल्या दाबाची, खालची गुदद्वाराची. जोर लावला की वरची चढली पाहिजे आणि खालची उतरली पाहिजे. माझ्या दोन्ही एकदमच वर जायच्या. पण ते डोळ्यांनी बघितलं तेव्हा पहिल्यांदा मला पटलं की मी स्वतःच दार लावते आहे आणि मला ते कळत नाही. इतकी वर्षं खालचं सैल म्हणजे कसं वाटतं हेच शरीराला माहीत नव्हतं.

दुसऱ्या सेशनपर्यंत नुसतं बसून खालची रेघ खाली आणायला जमायला लागलं. अडकले ते पुढे. सैल करता यायचं, पण जोर द्यायला लागले की खालची परत वर. ऑक्टोबरमध्ये दोन सेशन्स यातच गेली आणि मी खूप खचले, गाडीत एकटी बसून वाटायचं की एवढा पैसा आणि धावपळ उगीच. मॅडमनी मग पद्धत बदलली. आधी सैल करा, रेघ खाली आली की मगच जोर, आणि जोर पूर्ण नाही, निम्मा. त्यांनी सांगितलं की स्नायूला वर्षानुवर्षं शिकवलंय की मोठा जोर आला की आवळायचं, म्हणून मोठा जोर दिलाच नाही तर तो जुना धडा चालू होत नाही. निम्म्या जोराने खालची रेघ खालीच राहिली. तिथून हळूहळू जोर वाढवत गेलो. फुगा आत ठेवून मी ढकलायचं आणि त्या बाहेरून अगदी हलकं ओढायच्या, म्हणजे बाहेर पडतानाची जाणीव शरीराला कळते, हाही सराव झाला. संवेदनेसाठी फुग्यात आधी भरपूर हवा, मग दर वेळी कमी कमी, आणि जाणवलं की सांगायचं.

घरचा सराव दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं, खुर्चीत बसून श्वास आणि सोडणं. घरी स्क्रीन नसते, मग बरोबर होतंय का ते कसं कळणार? खूण अशी की नीट सोडलं तर खालचा भाग किंचित खाली उतरल्यासारखा, रुंद झाल्यासारखा वाटतो, आणि मान, चेहरा, जबडा यांच्यावर ताण येत नाही. चेहरा लाल होत असेल, श्वास कोंडला असेल तर तिथेच थांबायचं. सकाळी भाकरी-चहा झाल्यावर अर्ध्या तासात बसायचं, कारण खाल्ल्यावर आतडं आपोआप हलतं, त्याचा फायदा घ्यायचा. पाच मिनिटांत झालं तर झालं, नाहीतर उठायचं. मोबाईल बाहेर. आमच्याकडे कमोड आहे म्हणून पायाखाली स्वयंपाकघरातला पाट घेते, गुडघे कमरेपेक्षा वर, पुढे झुकून कोपरं मांडीवर. भारतीय संडास असेल आणि गुडघे साथ देत असतील तर वेगळं काही लागत नाही. इसबगोल त्या काळात बंद ठेवून पाण्यात घालायची मॅक्रोगोलची पावडर चालू होती, मळ मऊ राहायला, कारण कडक असेल तर सरावच होत नाही. एका वहीत रोज लिहायचे, किती वेळ बसले, जोर किती, पूर्ण झाली का.

दिवाळीच्या सुमारास वहीत फरक दिसायला लागला. पहिल्यांदा एका बैठकीत पूर्ण झालं त्या दिवशी मी अहोंना शाळेतून फोन करून सांगितलं, आणि त्यांनाही त्याचा आनंद झाला, कारण माझ्यामुळे रोज सकाळ घरातल्या सगळ्यांचीच अडायची.

नोव्हेंबर अखेरीस सेशन्स संपली आणि जानेवारीत, गड्ड्याची यात्रा संपल्यावर, परत टेस्ट केली. जोर लावल्यावर गुदद्वाराचा दाब ७९ वरून ५४ वर आला, म्हणजे तीस टक्क्यांच्या आसपास सैल. फुगा पाऊण मिनिटात बाहेर. संवेदना सुधारली पण अजून जरा उशिराच आहे. त्रासाच्या बाबतीत, आठवड्यातले बहुतेक दिवस एकदाच जाते आणि आत राहिल्यासारखं वाटत नाही. पोट फुगणं पूर्ण गेलेलं नाही, डॉक्टर म्हणाले ते वेगळ्या कारणानेही असू शकतं आणि या सरावाने जाईलच असं नाही. एकादशीच्या साबुदाण्यानंतर आणि प्रवासात अजूनही एखादा दिवस बिघडतो. अशा वेळी परत जोरात कुंथायचा मोह होतो, तेव्हा पाच मिनिटांनी उठते आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा सराव दुप्पट करते. मॅक्रोगोल आता रोज नाही, लागेल तेव्हाच, आणि सराव दिवसातून एकदा चालू ठेवायला सांगितलाय.

सोलापूर किंवा आसपासच्या गावातून जाणार असाल तर तारीख घेतानाच फोनवर विचारा की मॅनोमेट्रीसोबत फुग्याची टेस्टही करतात का आणि बायोफीडबॅक तिथेच होतं का. काही ठिकाणी फक्त टेस्टचं मशीन असतं, मग उपचारासाठी दुसरीकडे परत पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. बायोफीडबॅक करणाऱ्यांना तुमचा मूळ आलेख बघायला लागतो, म्हणून नुसता टाईप केलेला निष्कर्ष नको, आलेखाची रंगीत प्रत मागून घ्या, मला ती मागितल्यावरच मिळाली. सेशनच्या तारखा पाळीच्या दिवसांत येत असतील तर आधी कळवलं की बदलून देतात.

कुणाला विचारायचं असेल तर खाली विचारा, नाव न लिहिता विचारलं तरी चालेल.